फिरवलंय की उलटवलंय? आकृत्यांच्या प्रश्नांची माझी तयारी

स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलला बसायचं ठरवलं तेव्हा रिझनिंगची मला फारशी धास्ती नव्हती. नातेसंबंध, कोडिंग, कोण कुणाच्या शेजारी बसलंय, हे सगळं वहीवर मांडलं की सुटतं. आकृत्यांचं तसं नव्हतं. घडी घालून भोक पाडलेला कागद, आरशातली प्रतिमा आणि मोठ्या आकृतीत लपलेली लहान आकृती हे तीन प्रकार मांडायचे कसे, हेच कळत नव्हतं. राजारामपुरीतल्या ज्या अभ्यासिकेत मी बसायचे, तिथली पोरं म्हणायची, "आकृत्या म्हणजे फुकटचे मार्क, नुसतं बघायचं आणि टिक करायचं." ज्याला दिसतं त्याला फुकटचे. मला दिसायचं नाही, आणि दिसत नाही त्याला "नीट बघ" यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

पहिल्या टप्प्याचा पेपर १०० प्रश्नांचा, ६० मिनिटांचा. त्यातले २५ प्रश्न रिझनिंगचे. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर अर्धा कापतात. एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद येतात, आणि आकृत्यांचे प्रश्न त्याहून लवकर सुटले तरच गणिताला वेळ उरतो. म्हणून अंदाजाने टिक करायचं सोडून या तीन प्रकारांच्या मागे लागायचं ठरवलं.

सुरुवात कागदापासून केली. जुन्या वह्यांची पानं चौकोनी कापली आणि प्रश्नातली घडी हुबेहूब घालून, पंचिंग मशीनने भोक पाडून, उलगडून बघायला लागले. याचा फायदा होतो, पण क्लासमधले सांगतात त्या कारणासाठी नाही. "सवय होते" म्हणतात, पण शंभर कागद फोडले तरी एकशे एकावी घडी नवीनच असते. कागद हातात घेतल्यावर खरं लक्षात येतं ते उलगडताना काय होतं हे. घडी उघडली की वरचा पापुद्रा घडीच्या रेषेवरून पलीकडे पडतो, आणि त्यावरचं भोक रेषेपासून जितकं लांब होतं तितकंच लांब, पण दुसऱ्या बाजूला जाऊन बसतं. म्हणजे घडीची रेषा हाच आरसा. कागदाचे प्रश्न आणि आरशाचे प्रश्न पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत दिलेले असतात, पण काम एकच आहे. हे कळल्यावर मी दोन्हींचा अभ्यास एकत्रच करायला लागले.

दुसरी गोष्ट क्रमाची. शेवटची घडी आधी उघडायची, मग तिच्या आधीची, असं मागे मागे जायचं. डोक्यात सगळ्या घड्या एकदम उघडायला गेलं की गोंधळ होतो. परीक्षेत कच्च्या कामाला कागद मिळतो, पण तो फाडून घड्या घालणं मला बरं वाटेना, वेळही जातो. म्हणून मी कागदाऐवजी आकड्यांवर काम करायची पद्धत बसवली. एक नेहमीचं उदाहरण घेऊन सांगते.

चौकोनी कागद. प्रत्येक बाजू ८ भागांची समजायची. भोकाची जागा दोन आकड्यांनी लिहायची: डाव्या कडेपासून किती आणि वरच्या कडेपासून किती. आता उजवा अर्धा भाग डावीकडे आणला, ही पहिली घडी. मग खालचा अर्धा भाग वर आणला, ही दुसरी. हातात राहिला वरचा डावा पाव भाग, ४ बाय ४ चा. तिसरी घडी तिरकी: या लहान चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कागदाच्या मध्यापर्यंत, रेषा धरायची आणि वरचा त्रिकोण खालच्यावर दुमडायचा. आता त्रिकोण राहिला आणि त्याच्यात कागदाचे ८ थर आले. त्यात एक भोक पाडलं, डावीकडून १ आणि वरून ३ या जागी.

उलगडताना आधी तिरकी घडी. या तिरक्या रेषेच्या आरशात दोन आकड्यांची फक्त अदलाबदल होते. (१, ३) चं जोडीदार भोक (३, १). दोन भोकं झाली. मग खालचा अर्धा भाग खाली जातो, इथे डावीकडचा आकडा तसाच राहतो आणि वरचा ८ मधून वजा होतो. (१, ३) चं (१, ५), (३, १) चं (३, ७). चार झाली. शेवटी उजवा भाग उघडायचा, आता डावीकडचा आकडा ८ मधून वजा: (७, ३), (५, १), (७, ५), (५, ७). एकूण आठ. कागदावर मांडून बघा, चारही कडांजवळ दोन-दोन भोकं दिसतील आणि मधला भाग कोरा राहील. मध्याजवळ भोकं दाखवणारे पर्याय तिथल्या तिथे कटाप.

प्रत्यक्षात एवढे आकडे लिहावे लागत नाहीत. आठ थर आहेत म्हणून आठ भोकं हवीत, आणि मूळ भोक कडेजवळ आहे म्हणून सगळी कडेजवळ हवीत, एवढ्यावरच चारातले दोन पर्याय जातात. उरलेल्या दोनांत खरी मेख असते, आणि ती बहुतेक वेळा भोकाच्या आकारात असते. गोल भोक असेल तर प्रश्न सोपा. पण समजा याच जागी गोलाऐवजी लहान त्रिकोण कापलाय आणि त्याचं टोक डाव्या कडेकडे आहे. तिरकी घडी उघडल्यावर (३, १) या जागच्या त्रिकोणाचं टोक कुठे असेल? डावीकडे नाही, वर. तिरका आरसा जसे आकडे बदलतो तशी दिशाही बदलतो, डावं ते वर आणि वरचं ते डावं. पुढच्या दोन घड्या उघडल्यावर खालच्या कडेजवळची टोकं खाली आणि उजवीकडची उजवीकडे होतात, म्हणजे प्रत्येक त्रिकोण आपल्या जवळच्या कडेकडे टोक करून असतो. चुकीच्या पर्यायात भोकं अगदी बरोबर जागी असतात, पण वरच्या दोन त्रिकोणांची टोकं डावी-उजवीकडे वळवलेली असतात. प्रश्न काढणाऱ्याला ठाऊक असतं की आपण भोकं मोजतो, टोकं बघत नाही.

थर मोजण्यातही दोन ठिकाणी जपावं लागतं. एक म्हणजे घडीच्या रेषेवरच कापलेला भाग. रेषेवर अर्धा गोल कापला तर उलगडल्यावर तो एकच पूर्ण गोल होतो, दोन अर्धे वेगळे राहत नाहीत. त्यामुळे थर दोन असूनही भोक एक. दुसरं म्हणजे अर्धवट घडी, जिथे सगळा कागद दुमडलेलाच नसतो. वरचा उजवा कोपरा आणून मध्यावर टेकवला, तर फक्त त्या लहान त्रिकोणाखालीच दोन थर आहेत, बाकी कागद एकेरीच आहे. तिथे डावीकडून ५, वरून ३ या जागी भोक पाडलं तर उघडल्यावर त्याचा जोडीदार (७, १) वर, कोपऱ्याजवळ येतो. खाली डावीकडे, एकेरी भागात पाडलं तर ते एकटंच राहतं. म्हणून "कागदाचे थर किती" असं न विचारता "या भोकाखाली थर किती" असं विचारायची मी सवय लावून घेतली.

इथपर्यंत माझं मी चाललं होतं. आरशाच्या प्रश्नांत मात्र गाडी अडली, आणि ती काढली आबांनी.

आबा शिरोलीच्या एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये कामाला होते. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा उठवायला लाकडाचा किंवा धातूचा नमुना लागतो, तो पॅटर्न. कोल्हापुरात फाउंड्र्या भरपूर, त्यामुळे हे काम करणारी माणसंही भरपूर. ट्रॅक्टरचा किंवा पंपाचा एखादा ब्रॅकेट डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा असा जोडीने लागतो. दोन्ही दिसायला सारखे, मापं सारखी, तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. मी जेवणानंतर पुस्तक घेऊन बसले होते. एका आकृतीची आरशातली प्रतिमा म्हणून दोन पर्याय मला एकसारखेच बरोबर वाटत होते. आबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "आगं, ह्यो नुसता फिरिवलाय. आन् ह्यो उलटा क्येलाय. डाव्या हाताचा ब्रॅकेट कितीबी फिरिवला तरी उजवा हुतोय व्हय?"

मी विचारलं, "पण आबा, तुम्हाला बघताच कळलं कसं?"

"शॉपमधी आमी काय करतोय, सपाट तोंड खाली ठेवायचं, भोक आपल्याकडं करायचं. आता कान कुठल्या हाताला आला ते बघायचं. दोन जागंवर धरली की तिसरं खोटं बोलत न्हाई."

आकृती सपाट असल्यामुळे मला दोनऐवजी एकच गोष्ट जागेवर धरावी लागते, एवढाच फरक. आकृतीतलं एखादं ठळक टोक निवडायचं, ते वर आहे असं समजायचं, आणि मग दुसरी खूण, ठिपका म्हणा किंवा छोटी रेघ, कुठल्या हाताला येते ते बघायचं. किंवा असंही करता येतं: टोकाकडून जवळच्या वाटेने ठिपक्याकडे जायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जावं लागतं की उलट? आकृती कितीही फिरवली तरी ही दिशा बदलत नाही. एकदा आरशात गेली की बदलतेच. म्हणजे मूळ आकृतीत घड्याळाच्या दिशेने जावं लागत असेल तर उत्तरात उलट्या दिशेने जावंच लागेल. ज्या पर्यायात ते तसं नाही तो फक्त फिरवलेला आहे, तो सोडून द्यायचा.

या तपासणीनंतर उरलेले पर्याय सगळे उलटवलेलेच असतात, पण त्यातला एखादा उलटवून वर फिरवलेलाही असतो. त्यासाठी आरसा कुठे ठेवलाय ते बघायचं. उजवीकडे उभा आरसा असेल तर वरचं वरच राहणार, फक्त डावं-उजवं बदलणार. खाली आडवा असेल, किंवा पाण्यातली प्रतिमा विचारली असेल, तर डावं डावीकडेच राहणार आणि वरचं खाली जाणार. प्रश्नात आरशाची रेषा M आणि N या अक्षरांनी दाखवतात. ती रेषा उभी आहे की आडवी हे आधी बघायचं आणि आकृतीकडे नंतर.

आकृती डोक्यात फिरवून बघण्यापेक्षा ही तपासणी लवकर होते. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी एक प्रयोग केला होता. ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवायच्या आणि त्या एकच आहेत की एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा, हे विचारायचं. दोघींमधला फिरवण्याचा कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त लागला, अगदी सरळ रेषेत वाढत. डोकं आकृती खरोखर हातात धरल्यासारखी हळूहळू फिरवतं. परीक्षेत तेवढी उसंत कुणाला आहे?

अक्षरं आणि अंकांचा आरसा हा याच प्रकाराचा सोपा भाऊ. समजा स्क्रीनवर `AL7HK` आहे आणि आरसा उजवीकडे उभा आहे. आधी क्रम: शेवटचं पहिलं होणार, म्हणजे प्रतिमा K पासून सुरू होऊन A वर संपायला हवी. क्रम चुकलेले पर्याय इथेच जातात. मग A आणि H कडे बघायचंच नाही, कारण ती डावी-उजवीकडून सारखीच आहेत. तपासायची फक्त L, 7 आणि K. L चा पाय डावीकडे यायला हवा, K चे हात डावीकडे, आणि 7 ची तिरकी काठी डाव्या टोकापासून खाली यायला हवी. तीन गोष्टी बघितल्या की काम झालं. आरसा खाली असेल तर मात्र क्रम जसाच्या तसा राहतो, आणि न बदलणारी अक्षरंही वेगळी असतात: H तसाच राहतो, A उलटा होतो, K तसाच राहतो.

यात N, S आणि Z ही तीन अक्षरं डोळ्याला चकवतात. ती अर्ध्या वर्तुळात फिरवली तर तशीच दिसतात, त्यामुळे आपल्याला वाटतं ती सगळीकडूनच सारखी आहेत आणि आरशातही बदलणार नाहीत. पण आरशात ती उलटी होतात. पर्यायात S सरळ छापलेला असेल आणि बाकी सगळं नीट उलटवलेलं असेल, तर नजर त्यावरून घसरून जाते. आबांच्या भाषेत, फिरवलेलं आणि उलटवलेलं यातला फरकच इथे विचारलेला असतो.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर छोटा `b` घ्या. उजवीकडे आरसा ठेवला की तो `d` होतो, खाली ठेवला की `p`. `d` च्या खाली पुन्हा आरसा ठेवला की `q`. आता `b` आणि `q` ची तुलना करा: `q` हा अर्धा फेरा फिरवलेला `b` आहे, म्हणजे दोनदा उलटवलं की ते फिरवल्यासारखं होतं. कागद उभा-आडवा दुमडून वरच्या डाव्या पाव भागात `b` कापला, तर उलगडल्यावर शेजारी `d`, खाली `p` आणि समोरच्या तिरक्या कोपऱ्यात `q` मिळतो. अशा उभ्या-आडव्या दोन घड्यांच्या प्रश्नात तिरक्या कोपऱ्यातलं भोक नेहमी मूळचं फिरवलेलं असतं, शेजारची दोन उलटवलेली असतात. मला हे पोळपाटावर कणीक पसरून सुरीच्या टोकाने काढून बघेपर्यंत पटलं नव्हतं. आईने ती कणीक नंतर तशीच पोळीला घेतली.

आरशातल्या घड्याळाचे प्रश्न एका ओळीत संपतात: दिलेली वेळ ११ वाजून ६० मिनिटांतून वजा करायची. ४ वाजून २० मिनिटांचं आरशात ७ वाजून ४० मिनिटं दिसतं.

लपलेली आकृती हा तिन्हींत मला सगळ्यात अवघड गेलेला प्रकार. इथे आरसा नाही, घडी नाही. एक लहान आकृती दिलेली असते आणि चार गुंतागुंतीच्या आकृत्यांपैकी कुठल्या एकीत ती दडली आहे ते ओळखायचं. सीजीएलच्या प्रश्नात कंसात बहुधा एक सूचना असते की आकृती फिरवायची नाही. ती सूचना म्हणजे अर्धं उत्तर असतं, कारण चुकीच्या पर्यायांत तीच आकृती फिरवून किंवा उलटवून ठेवलेली असते.

आकृती लपते कशी, हे कळल्यावर शोधायला सोपं गेलं. जर्मन मानसशास्त्रज्ञ कुर्ट गोटशाल्ट यांनी १९२६ मध्ये अशाच आकृत्या वापरून दाखवलं होतं की लहान आकृती आधी कितीही वेळा दाखवलेली असली तरी मोठ्या आकृतीत ती सहजी दिसत नाही. त्याचं कारण असं की लहान आकृतीची बाजू मोठ्या आकृतीतल्या लांब रेषेचा तुकडा झालेली असते. डोळा रेषेवरून सरळ पुढे जातो, मध्ये दुसरी रेषा येऊन मिळाली तरी थांबत नाही. म्हणून "आकृती दिसते का" असं बघत बसायचं नाही, कोपरे शोधायचे आणि ते सापडतात जिथे रेषा एकमेकींना मिळतात तिथे.

समजा शोधायचाय एक काटकोन त्रिकोण. काटकोन खाली डावीकडे, पाया उंचीच्या दुप्पट. पर्यायांत चौकोन, त्यांचे कर्ण आणि मध्य जोडणाऱ्या रेषा यांची गर्दी आहे. आधी या त्रिकोणात वेगळं काय आहे ते ठरवायचं. काटकोन सगळीकडे आहेत, त्याचा उपयोग नाही. वेगळी आहे ती तिरकी बाजू. चौकोनाच्या कर्णापेक्षा ती कमी चढाची आहे: दोन घरं आडवी गेल्यावर एक घर खाली उतरते. ज्या पर्यायात सगळ्या तिरक्या रेषा चौकोनाच्या कर्णासारख्याच उभ्या चढाच्या आहेत तो लगेच बाद. मग उतार कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. आपली तिरकी बाजू वर डावीकडून खाली उजवीकडे उतरते, उलट उतरणारी असेल तर तो उलटवलेला पर्याय. दोन गेले.

उरलेल्या दोघांत रेषेचा चढही बरोबर, उतारही बरोबर. इथे पुन्हा अर्ध्या फेऱ्याची चाल असते. हाच त्रिकोण अर्धा फेरा फिरवला तर तिरकी बाजू अगदी तशीच उतरते, फक्त काटकोन तिच्या वर, उजव्या बाजूला जातो. त्यामुळे तिरक्या रेषेच्या दोन टोकांवरून बघायचं: वरच्या टोकापासून सरळ खाली रेषा जाते का, आणि खालच्या टोकापासून सरळ डावीकडे रेषा जाते का, आणि त्या दोन्ही न तुटता एकमेकींना मिळतात का. वरच्या टोकापासून उजवीकडे आणि खालच्या टोकापासून वर रेषा जात असेल तर तो फिरवलेला त्रिकोण, आपला नव्हे. त्रिकोणाच्या पोटातून दुसऱ्या रेषा आडव्या-तिडव्या जात असल्या तरी चालतं. बाजूमध्ये खंड पडलेला चालत नाही.

आमच्या शेजारचा मुलगा त्या वर्षी नवोदयची तयारी करत होता. आपल्या जिल्ह्याचं नवोदय कागलला आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न नुसत्या आकृत्यांचे असतात, आणि त्यात घडी, आरसा, लपलेली आकृती सगळं येतं. त्याला हीच रीत शिकवली. त्याचा पेपर छापील, माझा संगणकावर. छापील पेपर हातात धरून फिरवता येतो, पाठीमागून उजेडाकडे धरून आरशातली प्रतिमाही बघता येते. मॉनिटर फिरवता येत नाही आणि मान वाकडी करून बघितलं की आकृती फिरवल्यासारखीच होते, जे नेमकं करायचं नसतं. त्यासाठी मी घरी सगळा सराव मोबाईल उभा ठेवून, मान सरळ ठेवून करायला लागले. कच्च्या कागदाचा एक उपयोग मात्र होतो: आकृतीचा ठळक भाग बॉलपेनने दाबून काढायचा आणि पान उलटून मागून बघायचं. पुस्तकाच्या पानासारखं उलटलं की उभ्या आरशातली प्रतिमा, कॅलेंडरच्या पानासारखं वर उलटलं की पाण्यातली.

परीक्षा कोल्हापुरातच शहराबाहेरच्या एका कॉलेजात होती. माझ्या शिफ्टला घडीचा प्रश्न दोन घड्यांचा आला, दुसरी तिरकी, आणि कापलेला तुकडा तिरक्या घडीच्या रेषेवर. चार थर, पण रेषेवरचा तुकडा असल्यामुळे उलगडल्यावर दोनच भोकं होणार. चार भोकं दाखवणारे दोन पर्याय वाचताक्षणी गेले, उरलेल्या दोनांत भोकाची टोकं बघितली. आरशाचा प्रश्न अक्षर-अंकांचा होता, त्यात S होता आणि एका पर्यायात तो सरळ छापला होता. त्याच्याकडे बघून मला हॉलमध्येच हसू आलं.

लपलेल्या आकृतीत दोन पर्याय गेले आणि उरलेल्या दोनांत एक बाजू तुटलेली आहे की नाही हे त्या स्क्रीनवर नीट कळेना, रेषा बारीक आणि फिकट होत्या. मार्क फॉर रिव्ह्यू करून पुढे गेले. गणित आटोपल्यावर परत आले, नजर ताजी होती, तरी रेषा तशाच. दोनातला एक निवडला. चारातले दोन पक्के गेलेले असताना अर्ध्या गुणाची भीती धरून प्रश्न सोडणं परवडत नाही, दोनांत एक लागण्याची शक्यता अर्धी आणि फायदा चौपट. उत्तरतालिका आली तेव्हा तो चुकला होता, बाकीचे दोन बरोबर होते.

आबांना तो लपलेला प्रश्न नंतर कागदावर काढून दाखवला. त्यांनी पेन्सिलीने तीन कोपऱ्यांवर ठिपके मारले आणि म्हणाले, "हितं रेघ तुटलीया. ड्रॉइंग असलं आलं असतं तर मी परत धाडलं असतं."